दंडगोलात एका बाजूला कोरलेली पोकळी: आतले विद्युतक्षेत्र एकसमान का असते?

भिंगरी

अनंत लांबीचा एक दंडगोल आहे. त्याची त्रिज्या R असून त्याच्या संपूर्ण आकारमानात प्रभाराची घनता ρ सर्वत्र सारखी आहे. त्यात a त्रिज्येची एक गोल पोकळी आरपार कोरलेली आहे. तिचा अक्ष मुख्य अक्षाला समांतर आहे, पण त्यापासून d अंतरावर सरकलेला आहे. पोकळीतील विद्युतक्षेत्र सर्वत्र एकसमान असते आणि त्याचे मूल्य ρd/2ε₀ येते, हे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते अध्यारोपणाने काढतात हेही वाचलेले आहे.

तरीही दोन गोष्टी मला पटत नाहीत. पहिली अशी, की पोकळीच्या आत मी एखादे गाउस पृष्ठ कल्पिले तर त्यात प्रभार अजिबात सापडत नाही. मग तेथे क्षेत्र येते कोठून? दुसरी अशी, की उत्तरात a कोठेच नाही. पोकळी बोटाएवढी असो वा मनगटाएवढी, क्षेत्र तेवढेच राहते, हे बीजगणितात दिसते खरे, पण त्यामागचे कारण डोळ्यांसमोर येत नाही. केवळ सूत्र पुन्हा मांडून दाखवण्यापेक्षा या दोन शंकांवर कोणी लिहिले तर आभारी राहीन.

अनघड

माझ्या मते तुमची पहिली शंका रास्तच आहे. पोकळीत प्रभार नाही, म्हणून गाउसच्या नियमाने अभिवाह शून्य, म्हणून क्षेत्रही शून्य. धातूच्या पोकळ डब्यात क्षेत्र शून्य असते ते याच कारणाने. पोकळी मध्यभागी असली काय किंवा बाजूला असली काय, आतला प्रभार शून्यच राहतो. ते ρd/2ε₀ हे उत्तर बहुधा पोकळीबाहेरच्या भागासाठी असावे.

तळटीप

अनघड, तुमचे पहिले पाऊल बरोबर आहे, दुसरे नाही. बंद पृष्ठातून जाणारा एकूण अभिवाह शून्य आहे, एवढेच गाउसचा नियम येथे सांगतो. जेवढ्या क्षेत्ररेषा एका बाजूने आत शिरतात तेवढ्याच दुसऱ्या बाजूने बाहेर पडत असतील, तरीही अभिवाह शून्यच येईल, आणि या पोकळीत नेमके तेच घडते. अभिवाहावरून क्षेत्र काढायचे असेल तर पृष्ठाच्या प्रत्येक बिंदूवर क्षेत्राचे मूल्य सारखे आहे, हे सममितीच्या आधारे आधी म्हणता यायला हवे. पोकळी मध्यभागी असती तर ती सममिती मिळाली असती आणि क्षेत्र खरोखरच शून्य आले असते. पोकळी बाजूला सरकली की ती सममिती मोडते आणि नियम खरा असूनही एकटा अपुरा पडतो.

धातूच्या डब्याचे उदाहरण येथे लागू होत नाही. धातूत प्रभार मोकळेपणाने हलतात आणि बाह्य पृष्ठावर जाऊन बसतात. आकारमानात सर्वत्र सारखी घनता तेथे टिकूच शकत नाही. भिंगरी यांच्या प्रश्नातला प्रभार जागच्या जागी खिळलेला आहे असे गृहीत धरले आहे, म्हणजे पदार्थ विद्युतरोधक आहे.

आता अध्यारोपण. कोरलेला दंडगोल म्हणजे ρ घनतेचा एक अखंड मोठा दंडगोल, अधिक पोकळीच्या जागी ठेवलेला −ρ घनतेचा एक अखंड लहान दंडगोल. पोकळीत दोन्ही घनतांची बेरीज शून्य होते, इतरत्र ρ उरते. म्हणजे प्रभाराची मांडणी हुबेहूब तीच आहे. हे दोन्ही दंडगोल आपापल्या अक्षाभोवती सममित असल्यामुळे प्रत्येकावर गाउसचा नियम स्वतंत्रपणे चालतो. मुख्य अक्षापासून बिंदूपर्यंतचा सदिश s, पोकळीच्या अक्षापासून त्याच बिंदूपर्यंतचा सदिश s′ आणि मुख्य अक्षापासून पोकळीच्या अक्षापर्यंतचा सदिश d मानला, तर पोकळीतील कोणत्याही बिंदूसाठी:

```
E₁ = (ρ/2ε₀) s
E₂ = −(ρ/2ε₀) s′
E  = E₁ + E₂ = (ρ/2ε₀)(s − s′) = (ρ/2ε₀) d
```

बिंदू कोणताही घेतला तरी s − s′ हा सदिश d हाच राहतो, कारण तो दोन अक्षांमधला फरक आहे आणि त्यात बिंदूचा वाटा उरतच नाही. ρ धन असेल तर क्षेत्राची दिशा मुख्य अक्षाकडून पोकळीच्या अक्षाकडे असते. एकसमानतेचे सगळे श्रेय अखंड दंडगोलाच्या आत क्षेत्र अंतराच्या सम प्रमाणात वाढते या गोष्टीला आहे; ते अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढत असते तर ही वजाबाकी इतकी नीटस उतरली नसती.

शून्यवेळ

मी हे आकडे घालून तपासले आणि क्षेत्र एकसमान येत नाही. R = १० सेंमी, a = ३ सेंमी, d = ४ सेंमी आणि ρ = ५ मायक्रोकूलोम प्रति घनमीटर घेतले. सूत्राप्रमाणे उत्तर सुमारे ११,२९० व्होल्ट प्रति मीटर यायला हवे. मुख्य अक्ष आरंभबिंदूशी आणि पोकळीचा अक्ष x = ४ सेंमीवर धरून, पोकळीतला x = ५, y = २ सेंमी हा बिंदू घेतला. मुख्य अक्षापासून त्याचे अंतर ५.३९ सेंमी आणि पोकळीच्या अक्षापासून २.२४ सेंमी येते. फरक ३.१५ सेंमी, त्यावरून क्षेत्र सुमारे ८,८९० येते. याउलट x = ७ सेंमी, म्हणजे पोकळीच्या दूरच्या काठावर, ७ वजा ३ बरोबर ४ सेंमी येऊन उत्तर अचूक जुळते. म्हणजे क्षेत्र काही रेषांवरच तेवढे असते, सर्वत्र नाही, असे मला वाटते.

तळटीप

शून्यवेळ, तुम्ही घेतलेला बिंदू फारच सोयीचा आहे, तोच घेऊन पुढे जाऊ. तुम्ही अंतरांची वजाबाकी केली आहे. वजाबाकी सदिशांची करायची आहे. ρ/2ε₀ चे मूल्य सुमारे २.८२३६ × १०⁵ येते, म्हणजे दर सेंटिमीटरला सुमारे २,८२४ व्होल्ट प्रति मीटर. आता घटक वेगळे करून पाहा:

```
          Ex (V/m)    Ey (V/m)
मोठा        14118        5647     s  = (5, 2) cm
लहान        −2824       −5647     s′ = (1, 2) cm
एकूण        11294           0
```

y दिशेचे दोन्ही घटक एकमेकांना पूर्ण छेदतात, कारण दोन्ही अक्ष x रेषेवर आहेत आणि त्यामुळे बिंदूची उंची दोघांपासून सारखीच आहे. x दिशेत मात्र नेहमी d एवढाच फरक उरतो. पोकळीतला दुसरा कोणताही बिंदू घेऊन हीच सारणी पुन्हा भरून पाहावी.

तुमच्या पद्धतीने दूरच्या काठावर उत्तर जुळले यात एक फसवणूक दडलेली आहे. मुख्य अक्षापासून निघून पोकळीच्या अक्षापलीकडे जाणाऱ्या रेषेवर s आणि s′ एकाच दिशेत असतात, म्हणून तेथे अंतरांची वजाबाकी आणि सदिशांची वजाबाकी एकच ठरते. पडताळणीसाठी लोक नेमकी हीच रेषा निवडतात आणि चूक तशीच राहून जाते. त्याऐवजी अलीकडचा काठ, x = १ सेंमी, घ्या. अंतरांची वजाबाकी १ − ३ = −२ देते, म्हणजे मूल्य निम्मे आणि दिशाही उलटी. सदिशांच्या हिशेबात s′ = −३ आहे, म्हणून १ − (−३) = ४, आणि क्षेत्र पुन्हा ११,२९४. पद्धत तपासायची असेल तर अलीकडचा काठ पाहावा, पलीकडचा नव्हे.

अनघड

अभिवाह आणि क्षेत्र यांतला फरक पटला. रेषा एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर जातात, हे चित्रही समजले. पण भिंगरी यांच्या दुसऱ्या शंकेला अजून कोणी हात घातलेला नाही. पोकळी मोठी केली की अधिक प्रभार काढून टाकला जातो, तोही आपल्या बिंदूच्या जवळचा. जवळचा प्रभार काढला आणि क्षेत्र तसूभरही बदलले नाही, हे कसे? बीजगणितात a आला नाही, हे मला कारण म्हणून पुरत नाही.

तळटीप

शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर बीजगणिताशिवाय देता येते. पोकळीची त्रिज्या २ सेंमीवरून ३ सेंमी केली, अक्ष मात्र जागचा हलवला नाही, असे समजा. या वाढीत आपण नक्की काय काढून टाकले? पोकळीच्या अक्षाभोवतीचे एक गोल कवच, ज्याची आतली त्रिज्या २ आणि बाहेरची ३ सेंमी आहे. अनंत लांबीच्या गोल कवचाच्या आतल्या पोकळ भागात त्या कवचाचे स्वतःचे क्षेत्र शून्य असते, कारण तेथे सममिती पूर्ण आहे आणि गाउसचा नियम एकटाच पुरतो. म्हणजे त्या कवचाचे आधीच्या पोकळीत काही योगदानच नव्हते. जे मुळात काही देतच नव्हते, ते काढून घेतल्याने आतल्या क्षेत्रात बदल कसा होणार?

तुम्ही म्हणता तो जवळचा प्रभार खरोखरच जवळ आहे, पण तो बिंदूच्या सर्व बाजूंनी आहे. बिंदू कवचाच्या एका कडेला सरकलेला असला तरी जवळचा थोडा प्रभार आणि समोरचा अधिक प्रभार यांचा परिणाम अचूक तोलला जातो.

हाच विचार उलट्या दिशेने नेला तर पहिल्या शंकेचेही उत्तर मिळते. पोकळी लहान करत करत अगदी केसाएवढी उरवली, तर तेथील क्षेत्र म्हणजे अखंड दंडगोलात त्या जागी जे क्षेत्र असते तेच, आणि ते मुख्य अक्षापासून d अंतरावर ρd/2ε₀ आहे. नंतर पोकळी वाढवत नेली तरी वरच्या कारणाने तो आकडा बदलत नाही. पोकळीत क्षेत्र येते ते बाहेरच्या उरलेल्या प्रभारामुळे, आणि तो प्रभार पोकळीभोवती विषम पसरलेला आहे.

कातळ

माझ्याकडे हीच रचना प्रत्यक्षात आहे, म्हणून विचारतो. तांब्याच्या १० मिमी त्रिज्येच्या दांड्यात ३ मिमी त्रिज्येचे भोक पाडले आहे, केंद्र ४ मिमी सरकलेले. दांड्यातून ५०० अँपिअर प्रवाह जातो आणि भोकात हॉल प्रोब घातला आहे. वरच्या सूत्रात ρ च्या जागी काय घालायचे? प्रोबचे वाचन आम्ही काढलेल्या अंदाजाशी जुळत नाही आणि दांडा फिरवला की ते बदलते.

तळटीप

कातळ, तुमचा प्रश्न चुंबकीय क्षेत्राचा आहे, धाग्याचा विषय विद्युतक्षेत्राचा. तुमच्या दांड्यात निव्वळ प्रभार नाही, प्रवाह आहे, त्यामुळे ρ च्या जागी काही घालून हे सूत्र वापरता येणार नाही. युक्ती मात्र तीच चालते: अखंड दांड्यातून प्रवाहघनता J, आणि भोकाच्या जागी उलट दिशेची J. अखंड दांड्याच्या आत चुंबकीय क्षेत्रही अंतराच्या सम प्रमाणात वाढते, म्हणून भोकात B = μ₀Jd/2 असे एकसमान क्षेत्र मिळते. फरक दिशेचा आहे: विद्युतक्षेत्र d च्या दिशेत होते, हे क्षेत्र दांड्याच्या छेदात राहून d ला काटकोनात असते. दांडा फिरवला की d ची दिशा फिरते आणि तिच्याबरोबर B ची. हॉल प्रोब क्षेत्राचा एकच घटक मोजत असल्यामुळे वाचन बदलणारच.

J काढताना ५०० अँपिअरला उरलेल्या तांब्याच्या क्षेत्रफळाने, म्हणजे π(R² − a²) ने भागायचे. तसे केले तर J सुमारे १.७५ × १०⁶ अँपिअर प्रति चौरस मीटर आणि B सुमारे ४.४ मिलिटेस्ला येते. पूर्ण πR² ने भागले तर ४.० येते, तुमचा अंदाज तसा असेल तर पहिली तफावत तेथेच सापडेल.

कातळ

अंदाज ४.० चाच होता, तेव्हा तो दुरुस्त करतो. पण वाचन ४.४ पेक्षाही बरेच जास्त आहे, सुमारे ५.३.

शून्यवेळ

प्रवाहाची परतीची तार किती अंतरावर आहे? ती १० सेंमीवर असेल तर तिचे एकटीचे क्षेत्र ५०० अँपिअरला १ मिलिटेस्ला होते. अनंत लांबीच्या एकट्या दांड्याच्या सूत्रात परतीची वाट गृहीत धरलेलीच नाही. शिवाय प्रवाह एकदिश आहे की प्रत्यावर्ती? ५० हर्ट्झला तांब्यात प्रवाह पृष्ठापासून आत साधारण ९ मिमीच्या खोलीच्या प्रमाणात विरळ होत जातो, आणि तुमचा दांडा १० मिमी त्रिज्येचा आहे. J सर्वत्र सारखी आहे हे गृहीतक तेथे डळमळते.

कातळ

परतीची पट्टी जवळच आहे, नेमके अंतर मोजून सांगतो. प्रवाह प्रत्यावर्तीच आहे. दोन्हींपैकी कशाचा वाटा किती, हे एकदिश प्रवाह देऊन पाहिल्याशिवाय कळणार नाही असे दिसते.

भिंगरी

कवचाचा युक्तिवाद वाचून माझी दुसरी शंका पूर्ण मिटली. सूत्र पाठ असूनही हे कधी सुचले नव्हते. आता एक पुढचा प्रश्न. अनंत लांबीचा दंडगोल कोणाकडेच नसतो. शून्यवेळ यांच्याच आकड्यांचा दंडगोल १ मीटर लांब असेल तर मध्यावरच्या छेदात क्षेत्र कितपत एकसमान राहील? तसेच पोकळी बाहेरच्या पृष्ठाला भेदून गेली, म्हणजे a + d हे R पेक्षा मोठे झाले, तर काय होईल?

तळटीप

मर्यादित लांबीतही अध्यारोपण बिनदिक्कत चालते, कारण ते लांबीवर अवलंबून नाही. बिघडते ते वेगळेच: अखंड दंडगोलाचे क्षेत्र आता तंतोतंत ρs/2ε₀ राहत नाही. दोन्ही टोकांपलीकडचा जो प्रभार नाही, त्याचे योगदान वजा करावे लागते. लांबी L ही त्रिज्येपेक्षा बरीच मोठी असेल तर मध्यछेदावर या वजावटीने क्षेत्र सुमारे 2R²/L² एवढ्या अंशाने घटते. लहान दंडगोलासाठी हाच अंश a च्या वर्गावर ठरतो, म्हणून दोन्ही दुरुस्त्या एकमेकींना छेदत नाहीत:

```
E ≈ (ρ/2ε₀) [ d − (2/L²)(R² s − a² s′) ]
```

कंसातले दुसरे पद बिंदूनुसार बदलते, आणि एकसमानता तेथे मोडते. तुमच्या आकड्यांत अलीकडच्या काठावर क्षेत्र सुमारे ०.६ टक्के, पोकळीच्या अक्षावर २ टक्के आणि पलीकडच्या काठावर ३.४ टक्के घटलेले मिळते. म्हणजे पोकळीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जवळपास ३ टक्क्यांचा उतार. लांबी दुप्पट केली की हे सगळे आकडे चौथ्या हिश्शावर येतात. टोकांजवळ मात्र हे सूत्र वापरू नये. तेथे अक्षाच्या दिशेचाही मोठा घटक असतो.

a + d हे R पेक्षा मोठे झाले तर युक्ती वेगळ्याच ठिकाणी अडते. −ρ चा लहान दंडगोल मोठ्याच्या बाहेर डोकावतो आणि त्या बाहेरच्या चंद्रकोरीत काढून टाकण्यासाठी मुळात प्रभारच नव्हता. दोन पूर्ण दंडगोलांची बेरीज घेतली तर दोघांच्या सामाईक भागात क्षेत्र एकसमानच येते, पण ते उत्तर ऋण चंद्रकोर असलेल्या दुसऱ्याच रचनेचे असते. प्रवाहाच्या बाबतीत मात्र ही दुसरी रचना उपयोगाची ठरते: एकमेकांवर सरकवलेल्या दोन दंडगोलांतून उलट दिशांनी प्रवाह नेला तर मधल्या रिकाम्या भागात एकसमान चुंबकीय क्षेत्र मिळते, आणि कणत्वरकांतले द्विध्रुवी चुंबक रचताना ही कल्पना वापरतात.

शून्यवेळ

एक शेवटची अडचण. पदार्थ विद्युतरोधक आहे म्हणालात, म्हणजे तो डायइलेक्ट्रिकही असणार. मग ε₀ च्या जागी ε₀εᵣ घालून उत्तर ρd/2ε₀εᵣ एवढे सोपे राहील का?

तळटीप

नाही. ρ चा अखंड दंडगोल आणि −ρ चा लहान दंडगोल यांची बेरीज केल्यावर प्रभार जातो, पण पोकळीच्या जागचा पदार्थ तसाच राहतो. खरी पोकळी रिकामी आहे, तिच्या भिंतीवर ध्रुवीकरणाचा प्रभार बसतो, आणि तो या बेरजेत धरलेलाच नाही. R हा a आणि d यांच्यापेक्षा फार मोठा असेल तर सीमाअटी वापरून उत्तर काढता येते: क्षेत्र एकसमानच राहते, पण मूल्य ρd/ε₀(εᵣ + 1) येते. εᵣ = १ घातले की आपले जुने उत्तर मिळते, आणि εᵣ = ३ साठी ρd/4ε₀ मिळते, तर तुम्ही सुचवलेल्या सूत्राने ρd/6ε₀ आले असते.

शून्यवेळ

आणि R फार मोठा नसेल तर? बाहेरच्या पृष्ठावरचे ध्रुवीकरण पोकळीवर पुन्हा परिणाम करेल, आणि तो परिणाम पोकळीभर सारखा असण्याचे काही कारण मला दिसत नाही.

तळटीप

एकसमानता तेथे मोडते याबद्दल मीही सहमत आहे. R = १० सेंमीच्या आपल्या उदाहरणात ती किती मोडते याचे नेटके सूत्र माझ्यासमोर नाही; दोन्ही वर्तुळांवरच्या सीमाअटी एकत्र सोडवाव्या लागतील. कोणी संगणकावर जाळी आखून εᵣ = ३ साठी सोडवले, तर पोकळीचे अलीकडचे आणि पलीकडचे काठ यांवरची दोन मूल्ये येथे द्यावीत.